अट नसलेलं नाव

फार वर्षांपूर्वी, रानाच्या पलीकडच्या अंगाला वणवा लागल्याची बातमी आली, तेव्हा म्हातारा वानर रोजच्यासारखा मोहाच्या झाडाच्या फांदीवर नावांचा विचार करत बसला होता. हरणांच्या कळपातल्या पाडसांना नावं तोच सुचवी.

चार दिवसांपूर्वी एक हरिणी आली होती. "आजोबा, पाडसाला नाव सुचवा. अर्थ, भाषा, कसलीच अट नाही."

"म्हणजे मलाच कामाला लावलंस," वानर हसला. "अट असती तर चुटकीसरशी सांगितलं असतं."

त्याने एकेका नावाने हाक मारून पाहिली. 'तिहू' छोटं होतं, लांबवर पोचत होतं, कळपात तसं दुसरं नव्हतं. पण अटच नसल्यामुळे त्याहून चांगलं कुठेतरी असेलच असं त्याला वाटे. हरिणी रोज विचारी आणि तो म्हणे, "उद्या बघू."

आज वणव्याच्या बातमीपाठोपाठ धूर आला. गवतात लपवलेल्या पाडसांना आयांनी नावाने हाका मारल्या, तशी ती उठून धावली. हरिणी "बाळा, बाळा" करत राहिली. तशी हाक कुठलीही आई मारते. आपल्या नावाची हाक येईपर्यंत हलायचं नाही, असं शिकवल्याप्रमाणे तिचं पाडस निपचित पडून राहिलं.

दुसऱ्या दिवशी, वणवा विझल्यावर, हरिणी एकटीच झाडाखाली आली. "काही सुचलं होतं का हो, आजोबा?"

वानराला तिहू आठवत होतं. ते त्याने तिला सांगितलं नाही.