अठरा किलोचं उदाहरण

“…आणि हिला मी का द्यायच्या, सर? तुम्हीच सांगा.”

वैजनाथ सोनटक्के अजून उभाच होता. पाठीवरची सॅक त्यानं उतरवली नव्हती. हातातलं पत्र तो असं धरून होता, की जणू ते लिहिणाऱ्या मुलीची मानगूटच त्याच्या हातात आहे.

टेकाळे सर पडवीत बसून औषधं तोलायचा पितळेचा जुना हातकाटा फडक्यानं पुसत होते. तालुक्याच्या फार्मसी कॉलेजात त्यांनी एकोणीस वर्षं शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, तरी काही अडलं की पोरं अजून त्यांच्याकडेच यायची. वैजनाथ मात्र अडलं म्हणून आला नव्हता. शेवटच्या वर्षाला होता, दरवर्षी पहिला येत होता, आणि आज त्याला फक्त कुणीतरी ‘तुझं बरोबर आहे’ म्हणायला हवं होतं.

“बस,” सर म्हणाले.

“बसत नाही सर. आधी ऐका. रेवती जाधवर म्हणून पहिल्या वर्षाची पोरगी आहे. तीन मेसेज केले हिनं मला. मी वाचले, उत्तर दिलं नाही. माणसानं समजून घ्यावं ना? तर हिनं पत्र लिहून मेसच्या मावशींकडं दिलं. मावशींनी सगळ्यांसमोर माझ्या ताटाशेजारी ठेवलं. पोरं अख्खं जेवण होईस्तोवर हसत होती!”

“काय मागते?”

“सगळंच! ‘दादा, सोमवारी फार्मास्युटिक्सचा पेपर आहे. तुमच्या पहिल्या सेमिस्टरच्या नोट्स आणि पाच वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका मिळतील का?’ मिळतील का म्हणे! भाजीवाल्याकडं कोथिंबीर मागावी तसं!”

“हं.”

“सर, त्या नुसत्या प्रश्नपत्रिका नाहीत. पाच वर्षांच्या उन्हाळी आणि हिवाळी, दहा पेपर. मी ते जमवलेत. त्यातले चार जुन्या पॅटर्नचे, ऐंशी मार्कांचे. त्यातलं काय आता अभ्यासक्रमात नाही, ते एकेक बघून लाल काट मारली. कुठल्या धड्यावर किती मार्कांचं येतं, ते समासात पेन्सिलीनं लिहिलं. दोनदा आलेल्या प्रश्नाला एक चांदणी, तीनदा आलेल्याला दोन. अख्खी दिवाळी घातली मी त्यात. आणि हिनं सहा महिने काय केलं? आता पेपर चार दिवसांवर आला तेव्हा दादा आठवला!”

“जुनी पोरं देतात की एकमेकांना.”

“देणारे देतात. मी देणार नाही. अन्याय आहे हा, सर.”

सरांनी काटा बाजूला ठेवला आणि हात पुढं केला. वैजनाथनं पत्र दिलं.

सरांनी ते लगेच वाचलं नाही. नुसत्या घड्या पाहिल्या. वैजनाथच्या मुठीत ते चुरगळलं होतं, तरी मूळच्या घड्या दिसत होत्या. कडेची बारीक दुमड, मग तिसरा भाग, मग दोन्ही टोकं एकात एक अडकवलेली. चूर्णाची पुडी बांधायला पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला शिकवतात, अगदी तशी.

“हात चांगला आहे,” सर म्हणाले.

वैजनाथचं डोकं आणखी तापलं.

“नोट्स आणल्यास?”

“सॅकमध्येच असतात. होस्टेलवर ठेवायची सोय नाही, कुणीही उचलून झेरॉक्स काढतं.”

“काढ.”

त्यानं जाड वही काढली. निळ्या शाईनं व्याख्या, काळ्यानं स्पष्टीकरण, प्रत्येक आकृती पट्टीनं आखलेली. सरांनी पहिलं पान उघडलं. त्यावर मोठ्या अक्षरात नाव होतं, वैजनाथचं.

“तुझ्या आहेत?”

“म्हणजे… लिहिल्या मीच आहेत.”

“कुणाच्या वहीवरून?”

“आमच्या सिनियरच्या होत्या. पण मी त्या सगळ्या नव्यानं उतरवल्या, सर. दोनशे दहा पानं.”

“त्याला तू पत्र लिहिलं होतंस?”

“नाही. तो होस्टेल सोडून जाताना कॉटवर टाकून गेला.”

“म्हणजे तुला मागावंही लागलं नाही.”

 वैजनाथनं सॅक खाली ठेवली.

सरांनी पत्र उलटवलं. पाठीमागची बाजूही भरलेली होती.

“हे वाचलंस?”

“पुढचं वाचलं तेवढं पुरे झालं.”

“वाच. मोठ्यानं.”

वैजनाथनं वैतागून वाचायला सुरुवात केली.

“‘दादा, आमच्याकडं तुमच्याच नोट्स आहेत, पण झेरॉक्सची झेरॉक्स. पुष्कळ ठिकाणी आकडे उडालेत. एकेचाळीस नंबरच्या पानावर लहान मुलांच्या मात्रेचं उदाहरण आहे. मुलगी, वय सहा, वजन अठरा किलो. मोठ्या माणसाची मात्रा पाचशे मिलिग्रॅम. वजनाला दीडशेनं भागून पाचशेनं गुणायचं. नोट्समध्ये उत्तर साठ मिलिग्रॅम आहे. पण पुस्तकात दीडशे हा आकडा पौंडांसाठी दिलाय. अठरा किलोचे साधारण चाळीस पौंड होतात. मी करते तेव्हा उत्तर एकशे बत्तीस येतं…’”

त्याचा आवाज खाली आला.

“पुढं.”

“‘…दुप्पटीहून जास्त फरक आहे. झेरॉक्समध्ये काही गाळलं गेलंय, की माझंच चुकतंय, ते मूळ वही बघितल्याशिवाय कळणार नाही. जुन्या प्रश्नपत्रिकांत असं गणित किती वेळा आलं आणि त्यात किलो दिले होते की पौंड, तेही बघायचं आहे. वर्गात सगळ्यांनी साठच पाठ केलंय. सोमवारच्या आत कळलं तर सगळ्यांना सांगता येईल. देणं जमत नसेल तर तेवढं एकच पान दाखवा. मी तिथंच उभी राहून बघेन.’”



वैजनाथनं स्वतःची वही ओढून घेतली. पान एकेचाळीस. मुलगी, वय सहा, वजन अठरा किलो. खाली दोन रेघांत, सुंदर अक्षरात, साठ मिलिग्रॅम.

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“सर, हे गणित मला परीक्षेत आलं होतं. आकडे वेगळे होते, रीत हीच. पाचपैकी दोन मार्क दिले. पंच्याहत्तरपैकी एकाहत्तर पडले मला, गेलेल्या चारांतले तीन तिथं गेले. मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज केला. ‘बदल नाही’ म्हणून कळवलं. तीन वर्षं मी त्या परीक्षकाला शिव्या घालतोय!”

“आणि पुस्तक?”

“काय?”

“तीन मार्कांसाठी विद्यापीठापर्यंत गेलास. पुस्तक उघडलं होतंस का?”

“…नोट्समध्ये होतं ना, सर.”

“उद्या दुकानात उभा राहशील. तापानं फणफणलेलं लेकरू खांद्यावर घेऊन एखादी बाई येईल. औषध निम्म्याहून कमी जाईल, ताप उतरणार नाही, आणि तू तिला सांगशील, नोट्समध्ये होतं.” सरांचा आवाज चढला नव्हता. पण वैजनाथला तो चढलेला परवडला असता.

त्याला आता कुणावर तरी चिडल्याशिवाय राहवेना. रेवतीवर चिडायची सोय उरली नव्हती.

“पण हे पहिल्यांदा लिहिलं कुणी?” तो म्हणाला. “माझ्या सिनियरनं त्याच्या सिनियरकडून घेतलं, त्यानं आणखी कुणाकडून. कितीतरी बॅचा गेल्या असतील! एकानंही बघितलं नाही? साधं एकक लिहायचं राहिलं, आणि आम्ही सगळे… कोण गाढव होता तो? सापडला तर विचारीन मी त्याला…”

“विचार.”

“काय?”

“विचार म्हटलं ना. मी लिहिलं ते. फळ्यावर.”

वैजनाथनं वही खाली ठेवली.

“पहिलीच बॅच होती कॉलेजची. तेवीस वर्षं झाली.” सरांनी वही स्वतःकडं वळवली आणि त्या पानावर तळहात ठेवला. “सूत्र लिहिलं, पौंड लिहायचे राहिले. लक्ष नव्हतं माझं. उदाहरण तर घरचंच घेतलं होतं. सकाळीच दवाखान्यात वजन करून आणलं होतं तिचं.”

“कुणाचं, सर?”

सर अंगणाकडं बघत होते.

“उत्तर लिहून झालं, तेवढ्यात शिपाई दाराशी आला. घरून बोलावणं होतं. खडू टेबलावर ठेवला आणि निघालो. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. गेलो तो महिन्यानं. तोवर दुसऱ्या सरांनी पुढचा धडा घेतला होता. फळा पुसलेला होता… मला वाटलं, पुसलं गेलं.”

सरांनी बाजूचं फडकं उचललं, त्याची घडी घातली.

“नंतरही तो धडा आला, की मी वयाचं सूत्र शिकवायचो. वजनाचं मुलांना घरून वाचून यायला सांगायचो. पुन्हा फळ्यावर मांडणं जमलं नाही मला. ती चूक तिथंच दुरुस्त झाली असती. पण जमलं नाही.”

वैजनाथनं हळू आवाजात विचारलं, “मग ती… तुमची मुलगी…”

“अठराच्या पुढं गेला नाही काटा,” सर म्हणाले.

घरात कुठंतरी नळ ठिबकत होता.  मघापासून तावातावानं मांडलेलं सगळं, दहा पेपर, चांदण्या, दिवाळीची सुट्टी, त्याच्या तोंडातच आंबट झालं.

तो खाली बसला. पत्राच्या घड्या त्यानं मूळच्यासारख्या घालून पाहिल्या. शेवटचं टोक काही नीट अडकेना. सर नुसतं बघत होते.

“सर, वही आणि पेपर मी तिला देतो,” तो शेवटी म्हणाला. “उद्या सकाळी कॉलेजात…”

“आज.”

“आज देतो. मुलींच्या होस्टेलच्या दाराशी जाऊन.”

“आणि तिनं केलेलं गणित तुझ्या वहीत तिच्याच हातानं लिहून घे. खाली तिचं नाव राहू दे.”

“हो.”

“वर्गात तिला सांगू दे. तू सांगू नकोस.”

हे जरा जड गेलं. पण वैजनाथनं मान हलवली. मग खिशातलं लाल पेन काढलं, त्याच पेनानं त्यानं जुन्या प्रश्नांवर काट मारली होती. पान एकेचाळीस समोर ओढलं. सरांकडं बघायचं त्यानं टाळलं. एवढ्या वर्षांत किती हातांनी ते पान उतरवलं असेल, किती पोरांनी मोठ्यानं घोकलं असेल… आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं, ते वजन कुणाचं होतं.

त्याला वाटलं, निदान एवढं तरी आपण सरांसाठी करावं.

“सर, अख्खं उदाहरणच काढून टाकतो,” तो म्हणाला आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यावर पेन टेकवलं. “दुसरे कुठलेतरी आकडे घालू.”

सरांनी त्याचं मनगट धरलं.

“उत्तर खोड,” ते म्हणाले. “वजन राहू दे.”