कोप्रियाच्या सुटकेचा अर्ज

विषय : सिसिली बेटावरील रोमन जमीनदार वोल्कातियुस यांची दासी कोप्रिया हिच्या सुटकेबाबत.

उपरोक्त विषयी हकिगत अशी, की वोल्कातियुसला आपली ऑलिव्हची शेती विकायची होती आणि पापिरियुस नावाचा कायदेपंडित ती घ्यायला आला होता. दोघे जेवायला आडवे झाले होते. त्या थोर लोकांत जेवताना बसत नसत.

"बैल, नांगर, गडी, सगळं विक्रीत!" वोल्कातियुस म्हणाला. "बैल हंबरतो, गडी बोलतो. फरक तेवढाच."

पापिरियुसने मद्य ओतणाऱ्या कोप्रियाच्या पोटाकडे बोट केलं. "ही गाभण दिसते. वासरू धरूनच सौदा ना?"

"अर्थात! आई दासी म्हणजे पोर दास. बाप कोणी का असेना."

कोप्रियाची सुरई हवेतच थांबली. "धनी, या शिवारातलं सगळंच काही तुमचं नाही हो."

"काय म्हणालीस? असं कर, माझ्या शिवारात माझी नसलेली वीतभर जागा दाखव. दाखवलीस तर तुला सोडलं! नाहीतर उद्याच खाणीच्या मक्तेदाराकडे!"

चांदीच्या खाणीत पुरुष दिवा घेऊन बोगद्यात पोटावर सरपटत आणि बाया वर जात्यावर दगड दळत. तिथे म्हातारं कोणी होत नसे, त्यामुळे तक्रारीही येत नसत.

कोप्रिया म्हणजे तिथल्या ग्रीक भाषेत उकिरडा. नको असलेलं मूल उकिरड्यावर टाकायची तिथे रीत होती, आणि उचलणाऱ्याने ते दास म्हणून वाढवायचं, ही दुसरी रीत. जन्माने ती स्वतंत्रही असेल. पण तिच्या वतीने कोर्टात उभं राहायला स्वतंत्र माणूस हवा, आणि उकिरड्यावर तसे साक्षीदार मिळत नाहीत.

तिने दोघांना शिवाराच्या टोकाला नेलं. तिथे मातीचा एक उंचवटा होता.

"इथे कोण आहे, धनी?"

"तो थ्रेस देशातला, मुकापोर नावाचा. साखळीतला गडी. तुझा नवरा."

"नवरा कसला! दासांचं लग्न कायद्यात बसत नाही, तुम्हीच सांगता."

मुकापोर लढाईत धरला गेला होता. फौजेमागून दलाल चालतच असत. त्यांनी कैदी घाऊक घेतले, पायांना खडू फासला, गळ्यात गुणदोषांची पाटी अडकवली आणि बाजारात उभे केले. परदेशी माल ओळखू यावा म्हणून खडू, आणि खोड लपवली तर विकणाऱ्यावर दावा, म्हणून पाटी. इथे आल्यावर तो एकदा पळाला. मग दिवसा साखळीत नांगर आणि रात्री अर्ध्या जमिनीखालची कोठडी. कुलूप लावणारा मुकादमही दासच! मालकाला एवढ्यासाठी उठायला लागू नये, अशी व्यवस्था चोख होती.

"त्याला इथेच पुरा, असं कोण म्हणालं?"

"मीच! मेलेल्या गड्याला गावच्या खड्ड्यापर्यंत न्यायला माझे बैल कशाला गुंतवू?"

"आता तुमच्या पाहुण्यांना विचारा, ही जागा कोणाची."

पापिरियुसने घसा खाकरला. "हं... मालकाने स्वतः प्रेत पुरायला लावलं, की ती जागा मृतात्म्यांची होते. मग ती कोणाच्याच मालकीची नाही. विकता येत नाही, नांगरता येत नाही."

"दासाचं प्रेत असलं तरी?" वोल्कातियुस ओरडला.

"असलं तरी. दास जिवंत असताना कायदा त्याला वस्तू धरतो. मेल्यावर माणूस धरतो."

"ऐकलंत, धनी?" कोप्रिया म्हणाली. "त्याच्या गळ्यातल्या लोखंडी पट्ट्यावरसुद्धा तुमचं नाव होतं. जिवंतपणी त्याला काही मिळवता आलं नाही. मेल्यावर मात्र त्याने तुमची साडेतीन हात जमीन काढून घेतली! आणि ती तुम्हीच दिलीत, बैल वाचवायला!"

वोल्कातियुस आधी लाल झाला, मग पोट धरून हसला. "शाबास! सुटलीस तू!"

"मग आत्ताच, पाहुण्यांसमोर म्हणा, मोकळी केली म्हणून. तोंडी पुरतं. पोर मोकळं जन्मेल."

"छे, छे! तोंडी सुटका म्हणजे अर्धवट काम, नागरिकत्व मिळत नाही. माझा शब्द मोठा आहे, तो रीतसरच पाळणार!" आणि तो पुन्हा हसला. या वेळी पापिरियुसही हसला.

रीतसर अर्ज दाखल झाला. दासी तिशीच्या आतली असेल तर सबळ कारण लागतं आणि वीस नागरिकांच्या मंडळाला ते पटावं लागतं. मालकाची दाई असणं, शिक्षक असणं, रक्ताचं नातं असणं किंवा मालकाला तिच्याशी लग्न करायचं असणं, ही कारणं मान्य आहेत. मालक वादात हरला, हे कारण मान्य यादीत आढळत नाही. तिशी उलटलेली असल्यास कारणाची गरज नाही. मात्र वयाचा पुरावा हवा. तो उकिरड्याकडे मागण्यात आलेला नाही.

मंडळ फक्त सुभेदाराच्या न्यायदौऱ्याच्या अखेरच्या दिवशी बसतं. सुभेदार अद्याप आलेले नाहीत. कोप्रियाचे दिवस भरत आले आहेत. अर्ज प्रलंबित आहे.