जोशाच्या ओट्याला छप्पर का नाही

या, इथे पायरीवर बसा. दगड तापलेला असेल, पंचा पसरून देतो. समोर ते चार खांब दिसतात ना, ते पडक्या देवळाचे नाहीत. येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो, "छप्पर कधी पडलं हो?" मागे शहरातले एक साहेब तर देणगी देऊन पत्रे घालायला निघाले होते. गावाने हात जोडून नको म्हटलं. हा जोशाचा ओटा. याचं छप्पर पडलेलं नाही, काढलेलं आहे, आणि ज्याने घातलं त्यानेच ते काढलं.

मी इथला गुरव. माझ्या आजोबांनी मला जसं सांगितलं तसं तुम्हाला सांगतो. त्यात माझं काही मिसळलं तर मिसळलं, माझ्या तोंडाला लगाम नाही हे गावाला ठाऊक आहे.

फार मागची गोष्ट. तेव्हा या कळंबखोऱ्यात नारंभट नावाचे जोशी होते म्हणे. या ओट्यावर त्यांनीच घातलेलं गवताचं दाट छप्पर होतं आणि कोपऱ्यात पाण्याचं दगडी घंगाळ. घंगाळात तांब्याची वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला सुईएवढं भोक. पाणी हळूहळू आत चढायचं आणि वाटी भरून बुडली की एक घटका झाली. मग नारंभट काशाच्या थाळीवर ठोके द्यायचे. सूर्योदयानंतर पहिली वाटी बुडाली की एक, दुसरी बुडाली की दोन. सगळं खोरं त्या ठोक्यांवर चाले, दूध काढणं, लग्न लावणं, बाळंतपण, सगळं.

माणूस अभ्यासाने पक्का होता. ते सांगत, दिवसरात्रीच्या साठ घटका, आणि त्यात बाराही राशी एकामागून एक पूर्वेला उगवतात. जन्माच्या वेळी जी उगवत असते ते लग्न. साधारण पाच घटकांनी लग्न बदलतं, म्हणून वेळ हवी. ग्रह कोणत्या राशीत हे दिवसावरून कळतं, म्हणून तिथी हवी. आणि सूर्य सगळ्या गावांना एकाच क्षणी उगवत नाही, म्हणून जागाही हवी. यातलं काहीच नसेल तर प्रश्न विचारल्या क्षणाची कुंडली मांडतात. पण तिथे प्रश्न तरी हवाच. घरं बारा आहेत. नवऱ्याचं सातवं, लेकराचं पाचवं, दुखण्याचं सहावं. काय विचारलंय तेच माहीत नसेल तर जोशाने बघायचं कुठल्या घरात? नारंभटांना हे त्यांच्या वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं. न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, असं बजावलंही होतं.

आता लाभीचं सांगतो. घाटाच्या तोंडाशी एका म्हातारीला तान्ही पोर सापडली. लाभली म्हणून नाव लाभी. कधी जन्मली, कुठे जन्मली, कोणाची, कशाचाच पत्ता नाही. म्हातारीने पोटच्या पोरीसारखी वाढवली आणि राघू नावाच्या बैलवाल्याला दिली. राघू दर हिवाळ्यात बैलांच्या तांड्याबरोबर कोकणात उतरायचा आणि मीठ घेऊन वर यायचा. दोघांना एकच मुलगी, मंजुळा. सहा वर्षांची होती म्हणे, आणि दिवसभर थाळीचे ठोके मोजत हिंडायची.

एका माघात राघू मिठाला गेलेला असताना मंजुळा तापाने फणफणली. तिसऱ्या दिवशीही ताप उतरेना, पोर डोळे उघडेना. वैद्य घाटापलीकडे, दीड दिवसाच्या वाटेवर. पोरीला पाठीशी बांधून घाट चढावा तर वाऱ्याने काही व्हायचं, घरी ठेवावी तर ताप खाईल. लाभीला समजेना. शेजारणीला पोरीजवळ बसवून ती सकाळीच या ओट्यावर आली.

ओट्यावर तेव्हा पाचसहा माणसं बसली होती. लाभी पदर सावरून खाली बसली आणि म्हणाली, "भटजी, माझं बघा."

"जन्म केव्हाचा तुझा?"

"ठाऊक नाही."

"वेळ? गाव?"

"सापडलेली हाय मी. कुठलं गाव सांगू?"

"बरं, विचारायचं काय आहे?"

लाभी गप्प. नारंभटांनी पुन्हा विचारलं, तिने मान खाली घातली. ओठ हलले पण शब्द आला नाही. का, ते तुम्हाला पुढे कळेल.

इथेच त्यांनी पंचांग मिटायचं. एवढंच करायचं होतं त्या माणसाने. पण बसलेल्यांपैकी कोणीतरी हसून म्हणालं, "सांगितल्यावर काय, कोणीही सांगेल! जोशी खरा असला तर न सांगता ओळखेल." आणि नारंभटांना ते झोंबलं. एवढा शहाणा माणूस, पण चारचौघांत कोणी डिवचलं की राहवत नसे. माझंही तसंच आहे, म्हणून मला त्यांचा राग येतो आणि कीवही येते.

त्यांनी लाभी बसली तोच क्षण प्रश्नाचा धरला. खरं तर विचारलंच नव्हतं, मग क्षण कसला? पण वाटी बघितली, घटका मोजली, लग्न काढलं, धुळीत बोटाने कुंडली मांडली. प्रश्न त्यांनी मनानेच ठरवला. तरणी बाई, नवरा मिठाला गेलेला, तोंड उतरलेलं. त्या दिवसांत ओट्यावर येणारी दर दुसरी बाई हेच विचारायची, माझा धनी कधी येईल. म्हणून त्यांनी सातवं घर बघितलं. त्या घराचा स्वामी लग्नाच्या स्वामीला गाठायला निघालेला, मध्ये नऊ अंशांचं अंतर. नऊ अंश म्हणजे नऊ दिवस. शिवाय तांडा अवसेच्या आत परततो हे त्यांना पंचांगाशिवायही माहीत होतं. पाचवं घर त्यांनी बघितलं नाही. सहावंही बघितलं नाही.

"घर सोडून कुठेही जाऊ नकोस," ते म्हणाले. "नऊ दिवस कळ काढ. नवव्या दिवशी सगळं ठीक होईल."

लाभीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ओट्यावर डोकं टेकलं. बसलेले म्हणाले, बघा, ओळखलं! नारंभटांनाही बरं वाटलं असेल. लाभी धावत घरी गेली. पोरीला बांधायला काढलेलं धडपं तिने पुन्हा घडी करून ठेवलं.

ती नऊ दिवस थांबली. शेजारीण सांगत होती, अगं ने वैद्याकडे. लाभी म्हणायची, भटजींनी सांगितलंय, घर सोडायचं नाही. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायची, पेज चमच्याने ओठांना लावायची आणि थाळीचे ठोके मोजायची. पोर मोजत नव्हती, म्हणून ही मोजायची.

नवव्या दिवशी सूर्य उगवला, पहिली वाटी बुडाली, ठोका पडला, आणि मंजुळा गेली.

आणि त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी राघू आला. धडधाकट. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजवत आला, आणि कमरेला पोरीसाठी आणलेल्या शिंपल्यांची माळ होती. जोशाचं भाकीत तसूभरही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं हो.

दुसऱ्या दिवशी लाभी ओट्यावर आली. नारंभटांनी तिला लांबून बघितलं आणि हसून विचारलं, "काय गं, आला ना धनी?"

"आला," लाभी म्हणाली. मग म्हणाली, "पोर गेली."

म्हणे त्यांना आधी कळलंच नाही. कोणाची पोर, कधी आजारी होती, हे ते विचारत राहिले आणि ती सांगत राहिली. मग त्यांनी पंचांग उघडलं. विचारलं, "तिची जन्मवेळ?"

लाभीने एका दमात सांगितलं. "कार्तिक वद्य पंचमी, सोमवार. याच माळावरच्या खोपीत. तुमच्या थाळीचे चार ठोके झाले होते. पोर रडली आणि सुईणीने मोजून दीडशे श्वास घेतल्यावर पाचवा पडला. माझं काहीच मला ठाऊक नाही ना भटजी, म्हणून तिचं सगळं जपून ठेवलं होतं."

दीडशे श्वास म्हणजे पंचवीस पळं, आणि घटका साठ पळांची, म्हणजे पाचव्या ठोक्याला पंचवीस पळं कमी. चार घटका पस्तीस पळं. इतकी चोख वेळ नारंभटांना कोणी आणून दिली नव्हती, आणि ती त्यांच्याच थाळीने दिलेली.

"अगं, मग त्या दिवशी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही माझी विचारलीत."

"आणि प्रश्न? तो का नाही बोललीस?"

लाभीने वर बोट केलं. "छप्पर हाय ना इथं. आई सांगायची, छपराखाली अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. माझी पोर मरंल का, असं मी कसं बोलू? ते तोंडातून काढलं आणि वास्तूने ऐकलं म्हणजे? म्हटलं, तुम्ही जाणते, तुम्ही न बोलता ओळखाल."

लाभी उठून गेली. राघू आणि ती पुढे घाट उतरून कोकणात गेले आणि पुन्हा या खोऱ्यात आले नाहीत असं सांगतात.

ती दिसेनाशी झाल्यावर नारंभट खांबावर चढले आणि छपराचं गवत हातांनी उपसू लागले. लोकांनी धरलं तर म्हणाले, "इथे वास्तू नको. इथे माणसाला भीती बोलता आली पाहिजे." त्यांनी आढं काढलं, वासे काढले. काही म्हणतात, त्यांनी मंजुळेची पत्रिका मांडली आणि तिच्यात दीर्घायुष्य निघालं. मला ते पटत नाही. पत्रिका काही पोरीला पाठीशी बांधून घाट चढत नाही. तिला वैद्य हवा होता आणि आईला कोणीतरी "काय झालंय गं?" असं नीट विचारायला हवं होतं, बस.

त्यानंतर त्यांनी पहिल्या पायरीवर छिन्नीने मंजुळेची जन्मतिथी, वार, जागा आणि चार घटका पस्तीस पळं कोरली. नाव कोरलं नाही. तुम्ही बसलात ना, तुमच्या उजव्या हाताशी आहे. झिजलंय, बोट फिरवलं की लागतं.

आजही आमच्या गावात मूल जन्मलं की घरातलं एक माणूस आधी या पायरीशी येऊन वेळ मोठ्याने सांगतं, मग पेढे. आजही नारंभटांच्या घराण्यातला जोशी उन्हापावसात इथेच उघड्यावर बसतो. येणाऱ्याला तो पहिल्यांदा "कोणाचं?" एवढंच विचारतो. मग केव्हाचं, कुठलं, आणि शेवटी काय विचारायचंय. हात त्या अक्षरांवर ठेवून बोलायचं. कोणी बोललं नाही तर तो पंचांग मिटतो, पण माणसाला उठवत नाही. बसून राहतो त्याच्याजवळ, बोलेपर्यंत. आणि दुखण्याचं निघालं तर पंचांग न उघडता दवाखान्याची गाडी बोलावतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तुम्ही मघाशी ओट्याकडे येताना मला विचारलंत, ताई, की इथला जोशी चांगला आहे का. काय काम आहे ते बोलला नाहीत. मी आपला गोष्ट सांगत बसलो, आणि तुमचा हात केव्हापासून त्या अक्षरांवर आहे.

जोशी येईलच इतक्यात. नाहीतर मला सांगा. वर बघा, काही नाही, नुसतं आभाळ आहे. कोणाचं आहे?