कडू कंद आणि तांड्याची बोली

पूर्वी शैलद्वार नावाच्या घाटमाथ्यावरच्या नगरात अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व दुभाष्यांच्या कुळात जन्मास आले. त्या नगरच्या बाजारात खालच्या किनाऱ्यावरून मीठकरी येत, देशावरून धान्यवाले येत आणि भोवतालच्या रानांतून डोंगरी लोक मध, लाख, हिरडा घेऊन उतरत. तिघांच्या भाषा तीन. एकाची दुसऱ्याला अक्षरभर कळत नसे. मीठकऱ्यांची आणि डोंगरी लोकांची, अशा दोन्ही भाषा जाणणारा दुभाषी तर एकही नव्हता. म्हणून मीठकऱ्याचे बोलणे आधी धान्यवाल्यांच्या भाषेत जाई आणि तिथून दुसऱ्या तोंडाने डोंगरीत येई.

डोंगरी लोकांत कोरक नावाचा तरुण होता. एकदा तो थोरल्या भावाबरोबर मध विकायला आला. मीठकऱ्याने विचारले, "यंदा मध पातळ का?" दोन तोंडांतून फिरून तो प्रश्न डोंगरीत आला तेव्हा झाला, "मधात पाणी घातलेस का?" डोंगरी माणसाला याहून मोठी शिवी नाही. भावाने कोयता उपसला, मीठकऱ्यांनी काठ्या उचलल्या, आणि कोरकच्या डोळ्यांदेखत भाऊ गतप्राण झाला. मीठकरी शेवटपर्यंत विचारत होता, "पण मी म्हटले तरी काय?"

बोधिसत्त्व तिथेच उभे होते. तो प्रश्न डोंगरीत सांगणारा दुभाषी म्हणजे त्यांचा सख्खा काका; त्याच्याकडूनच ते डोंगरी शिकले होते.

ही गोष्ट राजाच्या कानावर गेली. राजा म्हणाला, "उद्यापासून बाजारात सर्वांनी माझीच भाषा बोलावी. दवंडी पिटतो."

बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, आपली भाषा देशावरची. ती बोलताना धान्यवाल्याची मान ताठ राहील आणि बाकी दोघांची खाली जाईल. मीठकऱ्यांची घेतली तर डोंगरी रुसतील. पण बैलांचे तांडे घेऊन फिरणारे लोक आहेत. त्यांना गाव नाही, गढी नाही, कुणाशी वैर नाही. त्यांची बोली तोडकीमोडकी का होईना, वाटेवरच्या सगळ्यांच्या कानावरून गेलेली आहे. ती बोलण्यात कुणाला कमीपणा नाही." राजाला ते पटले आणि त्याने दवंडी थांबवली.

दुभाष्यांना हे कळले तेव्हा त्यांचा मुखिया, म्हणजे तोच काका, घरी आला. "अरे, आपल्याच पोटावर पाय देतोस? गप्प बैस, माझ्यामागे मुखियापण तुझेच."

"काका, आपल्या पोटासाठी एक माणूस गेला," एवढेच बोधिसत्त्व म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसापासून ते बाजारातल्या पिंपळाखाली बसून येईल त्याला तांड्याची बोली फुकट शिकवू लागले.

शिकायला फारसे नव्हतेच. तांडेवाल्यांच्या घरच्या भाषेतले सगळे प्रत्यय बाजारात केव्हाच गळून पडले होते. 'मी दे धान, तू दे मीठ.' देतो, दिले, देईन, सगळ्याला 'दे'च. कोण कुणाला, ते शब्दांच्या क्रमावरून कळायचे आणि उरलेले हातवाऱ्यांवरून. मीठ, धान, बैल, वाट, भला, बुरा, असे थोडे शब्द जमले की माणूस बाजारात उभा राही. पहिल्या वर्षी मोजकेच लोक आले. पण जो शिकला त्याला दोन्हीकडची गिऱ्हाइके मिळू लागली. मग त्याचा शेजारी शिकला. आणि बाजारातले बहुतेक जण ती बोलू लागल्यावर न शिकणाराच मुका ठरू लागला. कुणी सक्ती केली नाही. पाणी उताराकडे जावे तसे लोक तिच्याकडे गेले. भांडणे कमी झाली. पुढे मीठकऱ्यांच्या मुली डोंगरात नांदायला आल्या आणि नवराबायको याच बोलीत संसार करू लागली.

सर्वांत लवकर शिकला कोरक. भावाचे मरण त्याच्या मनातून जात नव्हते. तो डोंगरी लोकांचा नाईक झाला, त्याची बायकोही मीठकऱ्यांतली. मुले झाली तेव्हा त्याने घरात सांगून टाकले, "मुलांशी तांड्याचीच बोली बोलायची. आपल्या भाषेने माझा भाऊ खाल्ला." नाइकाचे पाहून सारी वस्ती तसेच करू लागली.

बोधिसत्त्व डोंगरात आले होते, त्यांनी हे ऐकले. ते म्हणाले, "कोरक, ही बोली बाजारापुरती आहे रे. हिच्यात रान मावत नाही. मुलांना दोन्ही येऊ देत. लहान पोराला दुसऱ्या भाषेचे ओझे होत नसते."

"दादा, तुम्हीच दिलीत ना ही आम्हाला? मग आता अडवता कशाला?" कोरक हसून म्हणाला.

कोरकची आई मोहई चुलीपाशी बसली होती. तिला तांड्याची बोली धड येत नसे. नातवंडांशी ती थोडेच बोले. रानात नेऊन हाताने दाखवी, ती पाहून करीत. तेवढ्यावर चालले होते.

मग एका साली पाऊस गेला. मोहई दरडीवरून पडून कंबर मोडून अंथरुणाला खिळली. कोरक बायकोसह धान्य मिळते का पाहायला शैलद्वारला गेला. घरात थोरली पळसी आणि तिचे दोन लहान भाऊ उपाशी होते. पळसीने रानातून कंद खणून आणले आणि आजीपुढे धरले.

मोहईने कंद हाताने चाचपले. डोंगरी भाषेत त्याला दोन शब्द होते. ताजा विषारी कंद तो 'उरट'. चकत्या करून, राख लावून, वाहत्या ओढ्यात दिवसचे दिवस ठेवून विष उतरले की तोच 'निवट'. म्हातारी ओरडली, "उरट! उरट आहे हा! निवट होऊ दे आधी!"

पळसी नुसती तोंडाकडे पाहत राहिली. तिच्या बोलीत सगळे कंद म्हणजे 'कांदो'.

मग मोहईने आठवतील तेवढे तांड्याचे शब्द गोळा केले. त्या बोलीत 'आधी' नव्हते, 'नंतर' नव्हते. ती म्हणाली, "कांदो पाणी. कांदो भला."

पळसीचा चेहरा उजळला. कंद भला आहे, पाण्यात उकळ, असेच ती समजली. म्हातारी हात हलवीत राहिली. पोरीला वाटले, घाई कर म्हणते. तिने कंद उकळले. आधी भावांना थोडे देऊन उरलेले तिने खाल्ले, कारण दिवसभर खणून तिलाच जास्त भूक लागली होती.

कोरक बोधिसत्त्वांबरोबर धान्य घेऊन परतला तेव्हा घरातून आईचा आक्रोश ऐकू येत होता. तिने सगळे सांगितले आणि उतारा सांगितला. किती वर्षांनी कोरकने तिला तिच्या भाषेत उत्तर दिले. भाऊ वाचले. पळसी वाचली नाही.

कोरक बोधिसत्त्वांना म्हणाला, "दादा, तिला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक असता तर?" बोधिसत्त्वांनी त्याचा हात धरला.

ते नगरात परत गेले नाहीत. मोहईच्या उशाशी वस्तीतली मुले बसवून ते तिला बोलते करू लागले. ती सांगे, ते मुलांना समजावीत. पानांची, सालींची, मुळांची पुष्कळ नावे अशी परत आली. पुष्कळ आली नाहीत, कारण ती जाणणारी दुसरी म्हातारी माणसे तोवर गेली होती, आणि पुढल्या उन्हाळ्यात मोहईही गेली. कोरक मुलांच्या मागे बसून ऐके. एखादा शब्द आला की त्याला तो लहानपणीचा ओळखीचा वाटे, आणि मग पळसीची आठवण होऊन तो उठून जाई.

ही कथा भगवान शास्त्यांनी विहारात एका भिक्षूला सांगितली. तो दूरच्या रानवस्तीतून आलेला होता. त्याची म्हातारी आई त्याला भेटायला आली असता चारचौघांत लाज वाटून तो तिच्या भाषेत बोलला नव्हता, आणि ती न बोलताच माघारी गेली होती.

शास्ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाची मोहई आजही तुझी आईच आहे. पळसी या जन्मी तुझी धाकटी बहीण आहे, घरी आईजवळ. कोरक तू होतास. आणि तो दुभाषी मीच होतो. चार लोकांत मिसळण्यासाठी दुसऱ्याची वाणी शिकणे ही मैत्री होय. जिने आपल्याला बोलायला शिकविले तिची वाणी न टाकणे ही कृतज्ञता होय. पहिली तुझ्यापाशी होती. दुसरी पुन्हा राहिली."

भिक्षू त्याच पावली आईच्या वाटेने निघाला.