हरवलेला मित्र

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की तेव्हाचा राजा कोण होता हे सांगणारेही आता उरले नाहीत. एका मोठ्या नदीच्या वळणावर एक गाव होतं, आणि त्या गावाची एक गमतीची रीत होती.

कुणाच्या घरी काही आनंदाचं घडलं की घरातले लोक घराच्या दर्शनी भिंतीवर चित्र काढून घ्यायचे. बारसं असो, नवी विहीर असो, की म्हाताऱ्या आजोबांना बसवलेली नवी कवळी असो. चित्राखाली एक ओळ लिहायची आणि ओळीखाली गेरूची वाटी ठेवायची. येणारा-जाणारा थांबायचा, चित्र बघायचा, ओळ वाचायचा. आवडली तर गेरूत अंगठा बुडवून भिंतीवर उमटवायचा. ज्याच्या भिंतीवर अंगठे जास्त, त्याची मान ताठ. माणसं तेव्हाही माणसंच होती.

चित्रं काढणारे बरेच होते, पण ओळ लिहून द्यायला सगळे एकाच माणसाकडे जायचे. त्याला गाव ओळकरी म्हणायचं.

ओळकऱ्याचं काम दिसायला सोपं होतं, आणि म्हणूनच अवघड होतं. चित्रात जे दिसतंय ते ओळीत पुन्हा सांगायचं नाही, असा त्याचा पहिला नियम. चित्रात गाय दिसत असेल तर ‘ही गाय’ असं लिहून कशाला शाई वाया घालवायची? ती गाय चार दिवस रानात चुकली होती आणि स्वतःच घरी आली, हे चित्राला सांगता येत नाही, ते ओळीनं सांगावं. दुसरा नियम, ओळ एवढीच हवी की डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला चालता चालता वाचून होईल. तिसरा नियम क्रियापदाचा. कुणी त्याच्याकडे ‘भांडण मिटलं’ असं लिहून मागितलं की तो विचारायचा, “मिटलं, की कुणी मिटवलं? करणाऱ्याचं नाव लपलं असेल तर तिथं काहीतरी लपवलेलं असतं.” आणि शेवटचा नियम सगळ्यांत मोठा. चित्रात जो आहे, त्याला ओळ आधी वाचून दाखवायची. तो हो म्हणाला तरच ती भिंतीवर चढायची.

हे नियम त्यानं उभ्या गावाला शिकवले. स्वतःवर वेळ आली तेव्हा काय केलं, तीच ही गोष्ट.

एके दिवशी सकाळी नावेतून एक माणूस उतरला. पिकलेल्या मिशा, खांद्यावर गाठोडं. घाटावर ओळकरी उभा होता. त्या माणसानं दोन बोटं ओठांत घालून शीळ घातली, आणि ओळकऱ्याच्या अंगावर काटा आला. असली शीळ जगात एकच माणूस घालायचा. लहानपणी, या गावात यायच्या आधी, तळ्याकाठच्या गावात ती शीळ ऐकून तो ताटावरून उठून पळायचा आणि आईचा मार खायचा.

“अरे! तू?”

“मग आणखी कोण? ओळखलंस की, बरं झालं. मला धास्ती होती,” मित्र म्हणाला.

दोघे घाटावरच गळ्यात पडले. दोघांचेही डोळे भरून आले. घरी जेवताना मित्र मोकळेपणानं बोलला. बायको वारली होती. मुलगी सासरी सुखात होती. तळ्याकाठचं चिंचेखालचं घर आता मोठं वाटायचं.

“जत्रेपर्यंत राहतो,” तो म्हणाला. “वाटलं तर इथंच राहीन कायमचा. आपलं म्हणावं असं कुणी उरलंय का, एवढंच बघायला आलोय.”

“उरलंय म्हणजे? मी आहे ना!” ओळकरी म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं.

त्या आनंदाच्या भरात त्यानं चितारी बोलावला. घाटावर गळाभेट घेणारे दोन म्हातारे भिंतीवर सुरेख उतरले. आता ओळ. मित्राला आधी वाचून दाखवायला हवी होती. पण ओळकऱ्याला वाटलं, आपल्याच माणसाला काय विचारायचं? त्याला एकदम दाखवू, चकित होऊ दे. मित्र नदीवर आंघोळीला गेला असताना त्यानं कुंचला उचलला आणि लिहिलं:

‘हरवलेला मित्र सापडला. काळानं नेला, दैवानं परत दिला.’

ओळ गावभर गाजली. घागरीवाल्या बाया थांबून वाचू लागल्या आणि घागर सांडेपर्यंत रडू लागल्या. भिंत गेरूनं लाल झाली. पाटलांनी सांगून टाकलं की या वर्षी जत्रेला हीच ओळ वेशीच्या दगडावर कोरायची. वेशीच्या दगडावर आजवर एकही ओळ कोरली गेली नव्हती. ओळकऱ्याचे पाय जमिनीवर ठरेनात.

मित्राचं मात्र चमत्कारिक होऊन बसलं. तो रस्त्यानं निघाला की लोक हळहळायचे. एका म्हातारीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि ती म्हणाली, “सापडलास रे बाबा! आता पुन्हा हरवू नकोस हो.” कुणी विचारलं, चोरांनी पळवलं होतं का? कुणी हळूच विचारलं, दारूपायी घर सोडलं होतंस काय? पारावर तर ठरूनही गेलं होतं की याला भूल पडली होती आणि ओळकऱ्यानं देशोदेशी माणसं पाठवून याला शोधून आणलं. भिंतीजवळून जाताना मित्र मान खाली घालायचा.

ओळकऱ्याला वाटलं, लाजत असेल.

मग जत्रेसाठी कासारीण आली. ती गावोगाव बांगड्या विकत फिरायची. तिनं टोपली खाली ठेवली, ओळ वाचली आणि खो खो हसली.

“हे कोण हरवलं म्हणे? अहो, मी दर फेरीला यांच्या ओसरीवर पाणी पिते. चिंचेखालचं घर, तळ्याच्या काठचं. ते कधी कुठं गेलेच नाहीत. निरोप मीच आणायची ना तुमच्याकडे?”

“हळू बोल, बाई,” ओळकरी म्हणाला.

“हळू कशाला? त्यांची आई गेली तेव्हा सांगून पाठवलं होतं, म्हातारी शेवटपर्यंत तुमचं नाव घेत होती, जमलं तर या. तुम्ही म्हणालात, येतो म्हणावं. लेकीच्या लग्नाचा निरोप आणला. तुम्ही म्हणालात, येतो म्हणावं. मी तेच सांगत राहिले. शेवटी मलाच लाज वाटायला लागली हो.”

ओळकऱ्यानं इकडे तिकडे पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं. त्यानं हात जोडले. “एवढं कुणाला सांगू नकोस. जत्रा होऊन जाऊ दे.”

कासारणीचं हसू मावळलं. ती त्याच्याकडे बघत राहिली, मग टोपली उचलून निघून गेली. आपण काय मागितलं हे ओळकऱ्याला तेव्हा कळलं, आणि त्याची मान जी खाली गेली ती वर येईना.

मित्राच्या आईनं त्याला लहानपणी किती वेळा पोराबरोबर एका ताटात जेवू घातलं होतं. तळं काही समुद्रापार नव्हतं. आधी त्याला वेळ नव्हता. मग वेळ होता, पण उशीर झाला होता. मग एवढ्या उशिरा कुठल्या तोंडानं जायचं, या लाजेनं आणखी उशीर झाला. मुद्दाम कुणी कुणाला तोडत नाही, नुसतं उद्यावर ढकलत राहतो.

तो ओळीसमोर उभा राहिला. ‘हरवलेला’ खोडून ‘दुरावलेला’ करावं का? एक शब्द बदलला तर अंगठेही राहतील, दगडही राहील. पण त्याचाच नियम त्याला आडवा आला. दुरावलेला, की कुणी दूर ठेवलेला? काळानं नेला, दैवानं दिला. म्हणजे सगळं काळानं आणि दैवानंच केलं, आणि हा बापडा नुसता भिंतीला टेकून उभा होता!

घरात गेला तर मित्र गाठोडं बांधत होता.

“जत्रा उद्यावर आली, आणि निघालास?”

“हो.” मित्रानं गाठ आवळली. “एक विचारू? रागावू नकोस. मी हरवलो होतो का रे?”

ओळकरी त्याच्यासमोर खाली बसला.

“तू आला नाहीस, त्याचं मी मनाशी मिटवून टाकलं होतं,” मित्र म्हणाला. “शीळ घातली तेव्हा ते सगळं नदीतच सोडलं. पण आता लोक माझी कीव करतात आणि तुझी वाहवा. माझ्या आईच्या ओसरीत मी आयुष्य काढलं, आणि इथं मी चुकलेलं जनावर झालो. या गावात मी कसा राहू, सांग?”

ओळकरी उठला. चुन्याची बादली घेऊन बाहेर आला. जत्रेसाठी रस्त्यावर गर्दी होती. सगळ्यांच्या देखत त्यानं ओळीवर चुना ओढला. ओळ गेली, खालचे सगळे अंगठेही गेले. पाटील धावत आले. “अरे, हे काय करतोस? उद्या दगड कोरायचाय!”

“दगडावर खोटं कोरू नका, पाटील,” तो म्हणाला.

मग तो आत गेला आणि नवी ओळ आधी मित्राला वाचून दाखवली. वर मान करून नव्हे, जमिनीकडे बघत.

‘तो होता तिथंच होता. निरोप येत होते. मी गेलो नाही. शेवटी तोच आला.’

मित्रानं ओळ बोटांवर मोजून पाहिली. मग म्हणाला, “लांबली जरा. घागरीवाल्या बाईला पुरी वाचता नाही येणार.”

“येऊ नये. थांबावं लागू दे तिला.”

“मग लिही.”

ओळ भिंतीवर चढली. लोकांनी वाचली. काही कुजबुजले, काही घाईनं पुढे गेले. कुणी अंगठा उमटवला नाही. अशा ओळीखाली अंगठा तरी कसा उमटवायचा? वेशीचा दगड कोराच राहिला, आणि पारावर पुढं कितीतरी दिवस ओळकऱ्याला नावं ठेवली जात होती. त्यानं ती मुकाट्यानं ऐकली.

मित्र मात्र थांबला नाही. नावेत चढताना म्हणाला, “तू लिहिलंस ते खरं आहे. पण लिहिल्यानं येणं होत नाही. घर माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” ओळकरी म्हणाला. “आधीही माहीत होतं.”

कासारीण पुढच्या फेरीला निघाली तेव्हा तिच्या मागून एक म्हातारा काठी टेकत चालला होता. तिनं विचारलं, काही निरोप सांगायचाय का? तो म्हणाला, नाही.

चिंचेखाली मित्र शेंगा निवडत बसला होता. शेजारीण म्हणाली, “हे कोण हो पाहुणे?” ओळकरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. त्याला वाटलं, आता हा काय सांगेल?

मित्रानं सूप बाजूला केलं, सरकून जागा केली आणि म्हणाला, “माझा मित्र आहे. यायला जरा उशीर झाला त्याला.”

ओळकऱ्यानं जन्मभर ओळी लिहिल्या, पण अशी खरी ओळ त्याला कधी साधली नव्हती. तो मित्राशेजारी बसला आणि कितीतरी वेळ शेंगा निवडत राहिला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला आपण शोधायला गेलोच नाही, त्याला हरवला म्हणू नये.