देशमुखांना काहीही चालतं

तुळाजीराव देशमुखांना मुलगा झाला. "नाव कोणतंही सुचवा, अर्थाची नाही, भाषेची नाही, कसलीच अट नाही," असं ते ज्याला त्याला सांगत आणि सुचवलेलं प्रत्येक नाव झिडकारत. राशीवरून नाव काढणाऱ्या भटजींना तर त्यांनी हाकलूनच दिलं.

बारशाला बहीण मथुताई आली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिने विचारलं, "दादा, कसं नाव हवं?"

"काहीही चालेल. पण मला आवडलं नाही, तर तुझं माहेर तुटलं!"

मथुताईने पाळण्यात वाकून कुर्रर्र केलं, बाळाच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि पाळणा हलवू लागली.

"काय ठेवलंस?"

"तुम्हाला काहीही चालतं. मग ऐकून काय करणार?"

देशमुखांना घाम फुटला. "दगडू नाही ना? आजोबांचंही नको, ते भांडकुदळ होते. संस्कृत हवं, भारदस्त हवं, पुढे 'राव' शोभायला हवं!"

"मग रणधीर?"

"वा! हेच सांगितलंस कानात?"

"छे, हे आत्ता सुचलं, तुम्ही आवड सांगितल्यावर. कानात एवढंच म्हटलं, 'बाळा, बाप काहीही चालेल म्हणाला, की समज, त्याला काहीच चालत नाही.'"