राग आहे का, आत्याबाई?

हे समोरचं तळं, आणि त्याच्या पलीकडचा तो बोडका डोंगर. या, असे दगडावर बसा. घाई नाही ना? मग आधी एक हाक मारून बघा. तुमचं नाव डोंगर जसंच्या तसं परत देईल. मात्र ‘धुंडर’ म्हणून हाक मारलीत, तर तो गप्प राहतो. का, ते सांगतो. आमच्या आज्याकडून ऐकलेलं आहे, मी काही शिकलेला नाही.

फार मागे इथे गडांचं राज्य होतं म्हणे. दर गडाचं एक घराणं, आणि दर घराण्याचा एक नाद. डोंगरावर ढोलवाले राहत. त्यांची नावं ढोलावर टिपरी पडावी तशी: सुरुवातीला ‘ध’ नाहीतर ‘द’, मध्ये घुमणारा अनुस्वार, शेवटी ‘र’. धुंडर, दंबर, धिंगर. तळ्याकाठी पाणीवाले. त्यांची नावं ‘स’ने सुरू होत आणि ‘ल’वर अलगद टेकत: सोमल, साजल, सुवेल. मध्ये कुठे घुमणं नाही. धाकट्या मुलांना नुसतं पहिलं अक्षर मिळे, म्हणून ते धनू, सदू. शेवटचं अक्षर फक्त वारसाचं. लेकीसुनांच्या नावात ते येई, पण शेवटी ‘आ’ लागून, आणि सून उंबरा ओलांडताना माहेरचा नाद बाहेर ठेवून आत येई. नाव ऐकलं, की हा कोणत्या घरचा आणि गादीवर बसणारा की नाही, हे पहारेकऱ्यालासुद्धा कळे.

नाव ठेवायचा मान बापाच्या बहिणीचा. तिने बाळाच्या कानात सांगायचं, मग तळ्याकडे तोंड करून मोठ्याने हाकारायचं. डोंगराने नाव परत दिलं, की ते पक्कं. मग राजालाही ते बदलता येत नसे.

ढोलवाल्यांच्या गादीवरचा धुंडर हा त्या नादाचा एकटाच पुरुष उरलेला, आणि त्याची एकच बहीण होती, धिंबरा. ती पाणीवाल्या सोमलला दिली आणि तिची सावला झाली. त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव सुवेल. पण धुंडरला तळं हवं होतं. एका सणाला त्याने मेहुण्याला आणि भाच्याला जेवायला बोलावलं आणि पानावरच मारलं. बाकीचे पाणीवालेही त्याने शोधशोधून संपवले. मग चावडीवर उभा राहून म्हणाला, “त्या नादाचं आता कोणी उरलं नाही. गादी रिकामी. तळं माझं.” कायदा तसाच होता: बायका त्यात मोजत नसत, आणि वारस नसलेली गादी मागेल त्याची.

सावला तळ्याकाठी झोपडी बांधून राहिली. रडताना तिला कोणी पाहिलं नाही, असं सांगतात.

बऱ्याच वर्षांनी धुंडरला नवसाने मुलगा झाला, एकुलता एक. आता नाव ठेवायला आत्या हवी. तो स्वतः झोपडीच्या दाराशी आला.

“धिंबरा, चल गं. भाच्याला नाव ठेव.”

“धिंबरा सासरच्या उंबऱ्याबाहेरच राहिली, दादा. मी सावला.”

तो हसला. “नाव काय, नेसूचं लुगडंच ते! सासर संपलं, लुगडं बदल. रक्त तर आपलंच ना?”

“तू म्हणतोस तर येते,” ती म्हणाली.

राग आहे का, एवढं त्याने विचारलं नाही. तिथेच चुकला.

बारशाला सगळे गड जमले. धुंडरने दंबर हे नाव ठरवून ठेवलं होतं. सावलाने बाळ घेतलं, त्याच्या कानाशी वाकली. मग तळ्याकडे वळून तिने सगळा श्वास ओतून हाकारलं, “सुवेल!”

डोंगराने नाव परत दिलं. ‘सुवेल... सुवेल...’

धुंडरने तलवार उपसली. तेव्हा त्याचाच म्हातारा पहारेकरी आडवा आला. “महाराज, त्या नादाचं कोणी उरलं नाही म्हणून तळं तुमचं झालं होतं. आता उरलंय.”

“तो माझा मुलगा आहे!”

“रक्त तुझं,” सावला म्हणाली. “माझाही तुझ्याच रक्ताचा होता. तेव्हा तुला आठवलं नाही.”

ती बाळाला घेऊन तळ्याकाठी गेली. कायद्याने तो पाणीवाल्यांचा वारस होता, कोण अडवणार? त्याची आईही मागोमाग गेली. तिला सावलाने दूर केलं नाही. धुंडरला पुन्हा मूल झालं नाही. तो रोज कड्यावर येऊन “दंबर!” म्हणून हाक मारी. खाली खेळणारं पोर मान वर करत नसे, आणि डोंगरही ते नाव परत देत नसे. धुंडर मेला तेव्हा चितेला अग्नी द्यायला त्या नादाचा कोणी नव्हता. सुवेल आला, पण शेजारगावचा माणूस यावा तसा लांब उभा राहिला, आणि परत गेला. गड ओस पडला.

सावलाने म्हणे त्या दिवशी पहिल्यांदा रडून घेतलं. कोणासाठी, ते काही तिने सांगितलं नाही.

आजही डोंगर ढोलवाल्यांच्या नादाची नावं परत देत नाही. आजही या तळ्याकाठच्या गावांत बारशाला बाप आधी बहिणीच्या पाया पडतो, ती धाकटी असली तरी, आणि चारचौघांत विचारतो, “राग आहे का, आत्याबाई?” ती ‘नाही’ म्हणेपर्यंत बाळाला कोणी पाळण्यात घालत नाही. आणि ती गप्प राहिली, तर बाप उभाच राहतो.